तक्रारींची बेरीज म्हणजे निकाल नव्हे

पुणे-सोलापूर रस्त्यावरचे लोणी काळभोर हे आता नावापुरतेच खेडे राहिले आहे. गावाला रेल्वे स्थानक आहे, पेट्रोलियम कंपन्यांचे मोठे साठवण-डेपो आहेत, महाविद्यालये आहेत आणि जवळून मुळा-मुठा नदी पुण्याचे पाणी घेऊन पुढे जाते. २०२१ साली येथील पोलीस ठाणेही पुणे शहराच्या आयुक्तालयाला जोडले गेले. पिढ्यान् पिढ्या राहणारी घरे आणि कालपरवा राहायला आलेली कुटुंबे अशी दोन्ही माणसे अशा गावात शेजारी शेजारी नांदतात. त्यांना एकमेकांशी बोलायला पार उरलेला नाही, म्हणून ती फोनवरच्या गटांतून आणि गावाच्या अ‍ॅपमधून बोलतात. पाणी कधी येणार, कोणाची गाय हरवली, कोणत्या रस्त्यावर खड्डा पडला, हे सारे तेथेच कळते.

जेथे माणसे बोलतात तेथे भांडणेही होतात. म्हणून अशा अ‍ॅपमध्ये तीन साधने ठेवलेली असतात. पहिले म्हणजे नियम, दुसरे म्हणजे तक्रारीचे बटण आणि तिसरे म्हणजे एखाद्याला आपल्यापुरते बंद करणे, ज्याला आपण ब्लॉक करणे म्हणतो. ही साधने असली की काम भागले, असा सर्वसाधारण समज आहे. माझे मत थोडे वेगळे आहे. तक्रारीच्या बटणाकडून आपण फार मोठी अपेक्षा करतो, आणि जे काम माणसाने नियम हातात धरून करायचे ते मोजणीवर सोपवतो. ही पद्धत कोठे चुकते ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू.

दोन पोस्टची गोष्ट

समजा, लोणी काळभोरच्या एका अ‍ॅपचे चार हजार सभासद आहेत. अ‍ॅप तयार करणाऱ्याने एक सोपी युक्ती योजली आहे. एखाद्या पोस्टविरुद्ध पाच सभासदांनी तक्रारीचे बटण दाबले, की ती पोस्ट आपोआप दिसेनाशी होते. त्यासाठी कोणी बसून राहावे लागत नाही आणि पगारही द्यावा लागत नाही.

एके दिवशी नववीचे काही विद्यार्थी नदीकाठच्या पाण्याची तपासणी करतात आणि तिचा निकाल अ‍ॅपवर टाकतात. पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला २ मिलिग्रॅम भरला. मासे टिकून राहण्यासाठी तो निदान ४ मिलिग्रॅम असावा असे मानक आहे, एवढेच ते लिहितात. नमुना कोठे घेतला, किती वाजता घेतला, कोणत्या पद्धतीने तपासला, हेही त्यांनी दिलेले असते. काही जणांना वाटते, यामुळे गावाची बदनामी होते. ते आपापसात ठरवून बटण दाबतात. दहा मिनिटांत पाच तक्रारी पुऱ्या होतात आणि पोस्ट नाहीशी होते.

त्याच संध्याकाळी दुसरी पोस्ट येते. 'निळ्या गाडीतून मुले पळवणारी टोळी स्टेशनजवळ फिरत आहे, सर्वांना कळवा,' असे तीत लिहिलेले असते आणि खाली दोन अनोळखी माणसांचे छायाचित्र असते. हिच्याविरुद्ध एकही तक्रार होत नाही. वाचणाऱ्याला ती खोटी वाटत नाही, उपयोगी वाटते. मग तक्रार कोण करणार? जो तो ती पुढे पाठवतो.

मोजणीच्या यंत्राने खरी पोस्ट झाकली आणि घातक पोस्ट उघडी ठेवली. यंत्र बिघडले होते का? मुळीच नाही. ते अगदी बरोबर मोजत होते, परंतु आपल्याला जे मोजायचे होते ते ते मोजत नव्हते. पोस्ट किती जणांना रुचली नाही एवढेच तक्रारींच्या संख्येवरून कळते. पोस्टने नियम मोडला की नाही, हा वेगळा प्रश्न आहे.

थोडे गणित

यावर कोणी म्हणेल की असे प्रसंग क्वचितच घडतील. तेव्हा काही आकडे गृहीत धरून हिशेब करून पाहू. दिवसाला ५०० पोस्ट येतात आणि त्यांपैकी फक्त ५ खरोखर नियम मोडणाऱ्या असतात, असे माना. नियम मोडणाऱ्या पोस्टवर पाच तक्रारी जमण्याची शक्यता शेकडा ८० धरू. चांगल्या पोस्टवर तेवढ्या तक्रारी जमण्याची शक्यता शेकडा २ धरू, म्हणजे अगदी थोडी.

पाच वाईट पोस्टपैकी चार झाकल्या जातील. उरलेल्या ४९५ चांगल्या पोस्टचे शेकडा २ म्हणजे जवळजवळ १० पोस्ट झाकल्या जातील. म्हणजे एकूण झाकलेल्या १४ पोस्टपैकी १० निर्दोष निघाल्या! बटण दाबणारे बहुतेक प्रामाणिक असूनही हे घडले. कारण चांगल्या पोस्टची संख्याच इतकी मोठी आहे की तिचा लहानसा अंशसुद्धा वाईट पोस्टच्या संख्येपेक्षा मोठा होतो. दुर्मिळ रोगाची चाचणी सरसकट सर्वांवर केली तर निरोगी माणसेच अधिक संख्येने रोगी ठरतात, त्यातलाच हा प्रकार आहे.

पाचाऐवजी दहा तक्रारींची अट घातली तर? निर्दोष पोस्ट कमी झाकल्या जातील, पण वाईट पोस्टही अधिक सुटतील. आकडा पुढेमागे सरकवून ही अडचण सुटत नाही.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. पाच तक्रारी झाल्यावर पोस्ट झाकण्याऐवजी ती एका माणसापुढे तपासणीसाठी ठेवली, तर त्याला दिवसाला १४ पोस्ट पाहाव्या लागतील. प्रत्येकीला पाच मिनिटे दिली तर ७० मिनिटे लागतात. दोन-तीन जणांनी वाटून घेतले तर हे काम सहज होण्यासारखे आहे. तक्रार ही तपासणीची घंटा आहे असे मानले की तीच मोजणी अतिशय उपयोगी पडते. पाचशेंच्या ढिगातून ती चौदा पोस्ट आपल्यासमोर आणून ठेवते.

तपासणाऱ्याने तक्रारी आल्या कशा हेही पाहावे. एकाच तापमापकावर पाच वेळा ताप मोजला म्हणजे पाच स्वतंत्र मोजमापे झाली असे आपण म्हणत नाही. तापमापक चुकीचा असेल तर पाचही आकडे चुकतील. त्याचप्रमाणे एका गटात ठरवून पाठवलेल्या पाच तक्रारी म्हणजे खरे तर एकच तक्रार होय. ती ओळखण्याच्या खुणा असतात. सगळ्या तक्रारी चार-पाच मिनिटांत येतात, त्यांचे शब्द सारखे असतात, आणि त्याच सभासदांनी पूर्वीही एकमेकांबरोबरच तक्रारी केलेल्या असतात.

नियमाचे शब्द

तपासणाऱ्याने निर्णय कशाच्या आधारे घ्यायचा? अर्थात नियमाच्या. पण नियमच धूसर असेल तर तपासणाऱ्याची मर्जी हाच नियम होतो. या बाबतीत आपल्या महाराष्ट्रातील एक घटना प्रत्येकाला माहीत असायला हवी.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत व्यवहार बंद राहिले. पालघरच्या एका तरुणीने या बंदविषयी फेसबुकवर प्रश्न विचारला आणि दुसरीने त्या मजकुराला पसंती दर्शविली. दोघींनाही अटक झाली. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलमही होते. पुढे त्यांच्यावरचा खटला मागे पडला, परंतु या घटनेनंतर श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलमच रद्द केले. या कलमात 'अतिशय आक्षेपार्ह', 'त्रास', 'गैरसोय' अशा अर्थाचे शब्द होते. एकाला जे आक्षेपार्ह वाटते ते दुसऱ्याला साधे मत वाटते. कोणते बोलणे गुन्हा ठरेल हे आधी कळण्याचा मार्गच नव्हता. ही संदिग्धता हे कलम रद्द होण्याचे एक प्रमुख कारण होते.

संसदेच्या कायद्यात जो दोष चालला नाही, तो आपण गावाच्या अ‍ॅपमध्ये मात्र सर्रास चालवून घेतो. 'आक्षेपार्ह मजकूर टाकू नये' हा नियम जवळजवळ प्रत्येक गटात आढळतो. त्याऐवजी असे लिहून पाहा: 'कोणाचाही फोन नंबर, घरचा पत्ता किंवा छायाचित्र त्याच्या परवानगीवाचून टाकू नये.' हा नियम मोडला की नाही, हे दहा वर्षांचे मूलही सांगू शकेल. 'टीका कामावर करावी. जात, धर्म, शरीर किंवा कुटुंब यांवरून कोणाला हिणवू नये,' हाही तसाच. आपल्या उदाहरणातली नदीच्या पाण्याची पोस्ट या दोन्ही नियमांत बसत नाही. 'गावाची बदनामी' असा नियमच नसल्याने ती काढण्याचे कारण उरत नाही. मुले पळवणाऱ्यांची पोस्ट मात्र पहिल्याच नियमात सापडते, कारण तिच्यात अनोळखी माणसांचे छायाचित्र आहे.

नियम मोडलेला आढळला तरी उपाय बेताचाच हवा. एखादा शब्द वाईट असेल तर तो बदलायला सांगावे. पोस्टच नियमाविरुद्ध असेल तर ती काढावी. वारंवार घडले तर काही दिवस लिहिण्यास बंदी करावी. आणि सभासदत्व काढून घेणे हा शेवटचा उपाय ठेवावा. प्रत्येक वेळी कोणत्या क्रमांकाचा नियम मोडला हे लिहिणाऱ्याला कळवावे, तक्रार कोणी केली हे मात्र कळवू नये. लिहिणाऱ्याला दाद मागायची असेल तर ती पहिला निर्णय देणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणी ऐकावी. तक्रार करणाऱ्यालाही उत्तर मिळायला हवे. भारतात २०२१ साली लागू झालेल्या नियमांनी समाजमाध्यमांच्या कंपन्यांवर तक्रारीची पोच २४ तासांत देण्याचे बंधन घातले. लहान अ‍ॅपनेही एवढा शिष्टाचार पाळायला हरकत नाही.

ब्लॉक कशासाठी?

ब्लॉक या साधनाचा उपयोग तक्रारीहून वेगळा आहे. त्याने तुमच्यापुरते दार बंद होते. त्रास देणाऱ्याचे संदेश तुम्हाला येत नाहीत, पण तो इतरांना तेच संदेश पाठवू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर तर ब्लॉक केलेला माणूस आणि तुम्ही एकाच गटात असाल, तर गटातले संदेश दोघांनाही दिसत राहतात. म्हणून कोणाचे बोलणे केवळ आवडत नसेल तर ब्लॉक पुरेसे आहे. त्यासाठी तक्रार करू नये, कारण ती तपासणाऱ्याचा वेळ खाते. उलट कोणी धमकी देत असेल तर नुसते ब्लॉक करून थांबू नये, कारण मग ते कोणालाच कळत नाही. अशा वेळी क्रम लक्षात ठेवावा: आधी पडद्याचे चित्र जपून ठेवावे, मग तक्रार करावी आणि नंतर ब्लॉक करावे. व्हॉट्सअ‍ॅपवर तक्रार केली की त्या व्यक्तीकडून आलेले शेवटचे पाच संदेश कंपनीकडे जातात. समोरच्याला त्याची सूचना मिळत नाही.

एक गोष्ट मात्र अ‍ॅपवर सोडू नये. मुलांविषयी अश्लील चित्र किंवा धमकी आढळली तर ती पुरावा म्हणूनसुद्धा कोणाला पुढे पाठवू नये. ताबडतोब घरच्या मोठ्या माणसांना किंवा शिक्षकांना सांगावे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

जेथे थांबून चालत नाही

येथवर मी सावकाश तपासणीची बाजू मांडली. पण दुसऱ्या पोस्टचे काय? तिच्यावर तक्रार येत नाही, म्हणून ती तपासणाऱ्यापुढे जातच नाही. आणि ती वाट पाहण्यासारखी नसते.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. मेलेली माणसे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातली होती आणि भिक्षा मागत गावोगाव फिरत होती. मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा त्या दिवसांत फोनवरून सगळीकडे फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणांपेक्षा अधिक पुढे पाठवण्यास मर्यादा घातली. संदेश कुलूपबंद असल्याने कंपनी ते वाचू शकत नव्हती. खरे कोणते आणि खोटे कोणते हे ठरवणे तिला शक्यच नव्हते. म्हणून तिने मजकुराला हात न लावता त्याचा वेग कमी केला.

गावाच्या अ‍ॅपला याहून अधिक करता येते, कारण तेथले तपासणारे पोस्ट वाचू शकतात. माझे म्हणणे असे आहे की ज्या पोस्टमध्ये ओळखू येईल अशा माणसावर बोट ठेवून गुन्ह्याचा आरोप केलेला आहे, ती तक्रारीची वाट न पाहता लगेच रोखून धरावी. कोणी पाहिले, कोठे, केव्हा, हे लिहिणाऱ्याला विचारावे आणि पोलीस ठाण्याला फोन करावा. आरोप खरा असेल तर तो पोलिसांना कळलेलाच आहे; खोटा असेल तर कोणाचा तरी जीव वाचतो. रोखण्याने नुकसान फारसे नाही.

मात्र 'डेपोजवळ वायूगळती झाली आहे' या पोस्टला हाच नियम लावता येणार नाही. ती खरी असेल आणि आपण झाकून ठेवली, तर नुकसान फार मोठे होईल. तिच्यात कोणा माणसावर बोटही ठेवलेले नसते. अशी पोस्ट दिसू द्यावी, पण तिच्या वरच्या बाजूला 'खातरजमा चालू आहे' अशी सूचना लावावी, ११२ वर कळवावे आणि उत्तर येताच तेथेच लिहावे. वरवर सारख्या वाटणाऱ्या दोन घाबरवणाऱ्या पोस्टना दोन वेगळे उपाय लागतात, आणि हा फरक कोणतीही मोजणी करू शकत नाही.

जबाबदार कोण?

एवढी सत्ता हातात असलेल्या माणसाची, म्हणजे अ‍ॅडमिनची, जबाबदारी किती? गोंदिया जिल्ह्यातील एका गटात एका सभासदाने महिला सभासदाविषयी अर्वाच्य भाषा वापरली, आणि त्याला गटातून काढले नाही म्हणून अ‍ॅडमिनवरही गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये तो रद्द केला. सभासद घेणे किंवा काढणे एवढीच मर्यादित सत्ता अ‍ॅडमिनकडे आहे, मजकूर येण्याआधी तो तपासण्याची सोय त्याच्याकडे नाही, आणि दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत नसेल तर दुसऱ्याच्या शब्दांसाठी त्याला दोषी धरता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. शब्दांची जबाबदारी ज्याची त्याचीच राहिली.

पुढे २०२२ साली व्हॉट्सअ‍ॅपने अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा संदेश सर्वांसाठी पुसण्याची सोय दिली. कायद्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे वकील सांगतील. मला एवढेच दिसते की हाती खोडरबर आल्यावर तो कोणत्या नियमाने चालवायचा हे लिहून ठेवण्याची गरज वाढली आहे.

शिक्षक मित्रांनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. आपल्या वर्गाच्या गटासाठी पाच नियम लिहा. मग वीस काल्पनिक पोस्ट तयार करा. त्यांतल्या निम्म्या तरी काठावरच्या असाव्यात, कारण सगळ्या सरळ चांगल्या असल्या तर मते आपोआपच जुळतात. दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांना न विचारता प्रत्येक पोस्टपुढे 'ठेवा' किंवा 'काढा' असे लिहावे आणि काढायची असेल तर नियमाचा क्रमांकही द्यावा. जेथे दोघांची उत्तरे जुळत नाहीत, तेथे आधी विद्यार्थ्यांना दोष देऊ नका. नियमाचे शब्द पुन्हा वाचा, बदला आणि नव्या जोडीकडून प्रयोग पुन्हा करवून घ्या. तिसऱ्या-चौथ्या फेरीत तुमच्या वहीत जे पाच नियम उरतील, ते फळ्यावर लिहून ठेवण्याजोगे असतील.